‘मी जावे असे त्याने सुचवले’ : एका इंग्रजी क्रियापदाची तपासणी

गेल्या सत्रात आवश्यक इंग्रजीच्या तासाला सरांनी आम्हांला एक पत्र लिहायला दिले. विषय एकच अट घालून दिलेला होता : स्वतःवर ओढवलेला प्रसंग लिहायचा, पाठ केलेला नाही. माझ्यापाशी प्रसंग तयारच होता. माझ्या एका दाखल्यावर आडनावात एका अक्षराची चूक झाली होती. ती दुरुस्त करून घेण्यासाठी मी आलापल्लीहून निघून आष्टी, चामोर्शीमार्गे गडचिरोलीला गेलो, आणि तेथे मला कळले की आधी इथलीच सही लागते. दिवस गेला, तिकिटाचे पैसे गेले, आणि बाबांची एका दिवसाची मजुरीही बुडाली, कारण ते माझ्यासोबत आले होते. हे सर्व मी पत्रात लिहिले. त्यातले मुख्य वाक्य असे होते : ‘द क्लर्क सजेस्टेड मी टू गो टू गडचिरोली.’

वही परत आली तेव्हा ‘सजेस्टेड मी टू गो’ या चार शब्दांखाली तांबडी रेघ होती आणि समासात प्रश्नचिन्ह. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच, त्यामुळे घरी विचारण्याची सोय नाही. मी वर्गमित्रांना विचारले. एकाचे घर तेलुगू, एकाचे माडिया, बाकीचे मराठी. पण वाक्य सर्वांना बरोबरच वाटले. एक जण म्हणाला, “‘टोल्ड मी टू गो’ चालते, तर ‘सजेस्टेड मी टू गो’ का नाही?” या प्रश्नाला उत्तर देता येईना, म्हणून मी हे वाक्य नीट तपासायचे ठरवले. ती तपासणी कशी केली आणि त्यातून काय हाती लागले, ते प्रस्तुत लेखात मांडतो.

पहिली चूक मी शब्दकोश निवडण्यातच केली. माझ्याजवळचा छोटा इंग्रजी-मराठी कोश उघडला. त्यात ‘सजेस्ट’ म्हणजे सुचवणे, एवढेच दिले होते. अर्थ मला ठाऊकच होता. अडचण अर्थाची नव्हती, रचनेची होती. क्रियापदाचा अर्थ समजला म्हणजे त्याच्यामागे कोणते शब्द कोणत्या रूपात येतात हे समजतेच असे नाही, आणि द्वैभाषिक लहान कोश ही दुसरी गोष्ट बहुधा सांगतच नाही.

ती गोष्ट सांगणारे कोश वेगळे असतात. अशा कोशांचा पाया ए. एस. हॉर्नबी या इंग्रज शिक्षकाने घातला. ते जपानात इंग्रजी शिकवत होते. परक्या भाषेतून इंग्रजीकडे येणारा विद्यार्थी कोठे अडखळतो हे त्यांनी वर्गात पाहिले, आणि दोन सहकाऱ्यांसह एक कोश तयार केला. तो 1942 साली टोकियोत निघाला व 1948 साली ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला. पुढे 1954 साली त्यांनी इंग्रजी वाक्यरचनेवर स्वतंत्र पुस्तक लिहिले व क्रियापदांचे त्यांच्या रचनेनुसार गट पाडले. मला आश्चर्य वाटले ते याचे की, आलापल्लीत माझ्या वहीवर जी तांबडी रेघ पडली, त्याच जातीची चूक हॉर्नबींनी आपल्या मांडणीच्या समर्थनासाठी उदाहरण म्हणून घेतली होती. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : विद्यार्थी ‘आय वॉंट टू कम’, ‘आय इन्टेंड टू कम’ ही वाक्ये ऐकतो आणि त्यांच्यावरून ‘आय सजेस्ट टू कम’ असे स्वतः घडवतो. तो आळशी नसतो; तो साम्यावरून अनुमान काढतो. अनुमान चुकते, कारण अर्थाने शेजारी असलेली क्रियापदे रचनेनेही शेजारी असतीलच असा इंग्रजीचा नियम नाही.

मग ग्रंथालयातला हा मोठा कोश घेऊन मी ‘सजेस्ट’ची नोंद वाचली. त्यात जे सापडले ते चार प्रकारांत सांगता येईल. एक, सुचवलेली वस्तू सरळ नामाने सांगायची : ‘ही सजेस्टेड अ प्लॅन.’ दोन, ‘इंग’ लावलेले रूप घ्यायचे : ‘ही सजेस्टेड गोइंग.’ तीन, ‘दॅट’ने सुरू होणारे पोटवाक्य घ्यायचे : ‘ही सजेस्टेड दॅट आय शुड गो.’ चार, ‘हाउ’, ‘व्हेअर’ अशा शब्दाने सुरू होणारा भाग घ्यायचा : ‘ही सजेस्टेड व्हेअर आय शुड गो.’ ज्याला सुचवले त्या माणसाचा उल्लेख करायचाच असेल तर त्याच्याआधी ‘टू’ लागतो : ‘ही सजेस्टेड अ प्लॅन टू मी.’ माणूस आणि त्याच्यामागे ‘टू गो’, ही माझी रचना यांपैकी कोठेच नव्हती.

एखादी रचना कोशात दिली नाही एवढ्यावरून ती चूक ठरते का, असे कोणी विचारील. म्हणून दुसरी कसोटी लावून पाहू. ही कसोटी कर्मणी प्रयोगाची. ‘ही टोल्ड मी टू गो’ याचे कर्मणी रूप ‘आय वॉज टोल्ड टू गो’ असे सहज होते. ‘आय वॉज आस्क्ड टू गो’, ‘आय वॉज ॲडव्हाइज्ड टू गो’ हीही होतात. कारण या क्रियापदांत ‘मी’ म्हणजे मला हे खरोखरीचे कर्म आहे; ते उचलून कर्त्याच्या जागी बसवता येते. पण ‘आय वॉज सजेस्टेड टू गो’ हे इंग्रजीत उभे राहत नाही. तेथे म्हणावे लागते : ‘इट वॉज सजेस्टेड दॅट आय शुड गो.’ म्हणजे कर्त्याच्या जागी मी येत नाही, मी जाण्याची गोष्ट येते. यावरून रोग कोठे आहे ते कळते. सांगणे माणसाला लागते. सुचवणे गोष्टीला लागते.

आता खरा प्रश्न. आम्हां सर्वांना ती चूक बरोबर का वाटली? याचे उत्तर मला इंग्रजी व्याकरणात नव्हे, शाळेतल्या मराठी व्याकरणात सापडले. आपण विभक्तीचा तक्ता पाठ केला तेव्हा द्वितीयेचे प्रत्यय स, ला, ते आणि चतुर्थीचेही प्रत्यय स, ला, तेच होते. गुरुजी सांगत की प्रत्यय एकच असले तरी काम वेगळे : द्वितीया कर्माची, चतुर्थी देण्याघेण्याची. ‘त्याने मला पाठवले’ यात ‘मला’ कर्म आहे. पाठवला गेलो तो मीच. ‘त्याने मला पुस्तक दिले’ यात ‘मला’ कर्म नाही. दिले गेले ते पुस्तक, मी घेणारा. कानाला दोन्ही ‘मला’ सारखेच. आमच्या बोलीत दोन्हीकडे ‘मले’ म्हणतात, तरी स्थिती तीच. इंग्रजीत मात्र ‘सजेस्ट’सारख्या क्रियापदापुढे घेणाऱ्या माणसाला ‘टू’ लावून वेगळे दाखवावे लागते. आम्ही ‘त्याने मला जायला सुचवले’ या वाक्यातला ‘मला’ उचलला आणि त्याला न विचारता कर्माच्या जागी बसवला. ‘जायला’चे ‘टू गो’ केले. प्रत्येक शब्दाचे भाषांतर बरोबर, आणि वाक्य चूक.

पण येथेच मराठीचे दुसरे अंग दिसते. ‘सुचवणे’ हे ‘सुचणे’चे प्रयोजक रूप आहे. ‘मला एक उपाय सुचला’ यात सुचला तो उपाय. मी फक्त तो ज्याच्या मनात आला तो. ‘त्याने मला एक उपाय सुचवला’ म्हणजे तो उपाय माझ्या मनात यावा असे त्याने केले. उपाय म्हटले की सुचवला, युक्ती म्हटली की सुचवली, नाव म्हटले की सुचवले. क्रियापद फिरते ते सुचवलेल्या गोष्टीच्या लिंगावरून, माझ्यावरून नाही. म्हणजे या क्रियापदाचे कर्म कोण, हे आपल्या भाषेने आधीच ठरवून ठेवलेले आहे. इंग्रजी शब्दाची व्युत्पत्तीही अशीच : तो लॅटिनमधून आला आणि मुळात खालून आणून ठेवणे, पुढे करणे असा त्याचा अर्थ. पुढे केली जाते ती वस्तू, माणूस नव्हे. (शेक्सपिअरच्या काळी हे क्रियापद भुरळ घालणे, मोहात पाडणे या अर्थी माणसालाही लावत. तो अर्थ आता गेला, आणि त्याचा आधार आपल्याला घेता येत नाही.)

एकदा हे ध्यानात आले की एक अपवादही आपोआप समजतो. ‘दे सजेस्टेड मी फॉर कॅप्टन’ हे वाक्य शुद्ध आहे. का? कारण येथे सुचवलेली गोष्ट मीच आहे. कर्णधारपदासाठी माझे नाव पुढे केले. तेव्हा ‘सजेस्टेड मी’ हे दोन शब्द जवळ आले की चूक, असा ढोबळ नियम करू नये. विचारायचे ते एवढेच : मी सुचवला गेलो, की मला काही सुचवले गेले?

मग दुरुस्ती कशी करावी? मला वाटते, ती इंग्रजीत करण्याआधी मराठीत करावी. ‘त्याने मला जायला सुचवले’ हे वाक्य मनात आले की ते थांबवून असे म्हणावे : ‘मी जावे असे त्याने सुचवले.’ ही मराठी अगदी सरळ आहे, आणि तिचा एकेक भाग इंग्रजीत जागच्या जागी बसतो. ‘असे’च्या जागी ‘दॅट’, आणि ‘मी जावे’च्या जागी ‘आय शुड गो’. ‘ही सजेस्टेड दॅट आय शुड गो.’ मराठीतला विध्यर्थ, ते ‘जावे’, ‘करावे’, ‘लिहावे’, हाच येथे आपला वाटाड्या.

‘शुड’ न घालता नुसते मूळ क्रियापदही चालते : ‘ही सजेस्टेड दॅट आय गो.’ अमेरिकन लिखाणात हेच अधिक आढळते. येथे एक खाचखळगा आहे. कर्ता तृतीयपुरुषी एकवचनी असला तरी या मूळ रूपाला ‘एस’ लागत नाही : ‘ही सजेस्ट्स दॅट द बॉय गो.’ वर्गात ‘बॉय’ दिसला की ‘गोज’ म्हणायची आम्हांला सवय, म्हणून हे वाक्य चुकीचे वाटते. पण ते बरोबर आहे. नकार असेल तर ‘नॉट’ क्रियापदाआधी येते : ‘ही सजेस्टेड दॅट आय नॉट गो.’ ज्याला हे कानाला टोचते त्याने ‘शुड’ घालावे. मग ‘ही सजेस्टेड दॅट आय शुड नॉट गो’ असे सुरळीत होते. परीक्षेत मला तरी ‘शुड’चा रस्ता सुरक्षित वाटतो.

मात्र ‘दॅट’नंतर नेहमीच ‘शुड’ किंवा मूळ रूप येते असे समजू नये. ‘सजेस्ट’चा आणखी एक अर्थ आहे : सूचित करणे, एखाद्या खुणेवरून तसे वाटणे. आपल्या जंगलातलेच उदाहरण घेऊ. ‘द पगमार्क्स सजेस्ट दॅट द टायगर गोज टू द रिव्हर.’ ठशांवरून दिसते की वाघ नदीकडे जातो. ठसे वाघाला काही सल्ला देत नाहीत. ते वस्तुस्थिती दाखवतात. म्हणून येथे साधा काळ, आणि ‘गोज’ला ‘एस’. आता याच्याशेजारी हे वाक्य ठेवा : ‘द फॉरेस्ट गार्ड सजेस्ट्स दॅट द बॉय गो टू द रिव्हर.’ वनरक्षक सुचवतो की मुलाने नदीकडे जावे. येथे मुलगा गेलेला नाही. जाईल की नाही तेही ठाऊक नाही. म्हणून मूळ रूप. मराठीतही पहिल्या वाक्यात ‘जातो’ हा स्वार्थ आणि दुसऱ्यात ‘जावे’ हा विध्यर्थ आहे. दोन भाषांतला हा जोड इतका नेमका आहे की मनात मराठी वाक्य स्पष्ट असेल, तर इंग्रजीचे रूप निवडताना चूक होण्याचे कारण उरत नाही.

राहिला ‘ही सजेस्टेड गोइंग’ हा प्रकार. तो लहान आणि शुद्ध आहे, पण त्यात एक उणीव आहे : कोणी जायचे हे तो सांगत नाही. मी जायचे, त्याने जायचे, की दोघांनी मिळून, हे आजूबाजूच्या वाक्यांवरून समजून घ्यावे लागते. चार मित्र बसले असताना कोणी ‘ही सजेस्टेड गोइंग टू द रिव्हर’ म्हटले, तर बहुधा सर्वांनी जायचे असाच अर्थ होईल. माझ्या पत्रात हे रूप वापरले असते, तर कारकून आणि मी बरोबरच गडचिरोलीला निघालो असे वाचणाऱ्याला वाटले असते. म्हणून जेथे जाणारा एकटा आणि ठरलेला आहे, तेथे ‘दॅट’चे वाक्य बरे.

आता माझ्या मूळ वाक्याकडे येतो. ही सर्व तपासणी करून मी सरांकडे गेलो आणि दुरुस्त वाक्य दाखवले. ते वाचून सर म्हणाले, “रचना बरोबर झाली. पण आता मला सांगा, तुम्ही ‘टोल्ड मी टू गो’ का लिहिले नाही? तेही शुद्धच आहे.” मी म्हटले, “सर, दोन्हींचा अर्थ एकच ना?” ते म्हणाले, “त्याने तुम्हांला नेमके काय म्हटले, ते जसेच्या तसे सांगा.”

मी आठवू लागलो. घरी येऊन बाबांनाही विचारले, कारण ते शेजारीच उभे होते. कारकुनाचे शब्द असे होते : “एखाद्या वेळेस गडचिरोलीले जाऊन पाहा ना.” त्याने जा म्हटले नव्हते. कागद तेथेच होईल असेही म्हटले नव्हते. एवढे दिवस घरी आणि मित्रांत मात्र मी ‘त्याने आम्हांला गडचिरोलीला जायला सांगितले’ असेच म्हणत आलो होतो. ‘सांगितले’ म्हटले की जबाबदारी त्याची. ‘टोल्ड मी टू गो’ लिहिले असते, तर हा माणूस आपल्याला हुकूम देऊन तिकडे पाठवतो आणि खेप वाया घालवतो, असा आरोप पत्रात उभा राहिला असता. ‘ॲडव्हाइज्ड मी टू गो’ लिहिले असते, तर त्याने माहिती घेऊन, विचार करून सल्ला दिला असे झाले असते. तेही घडले नव्हते. ‘सजेस्टेड दॅट आय शुड गो’ म्हणजे त्याने एक गोष्ट पुढे केली. उचलायची की नाही हे माझ्यावर होते. मी ती न विचारता उचलली. आधी इथली सही लागते का, एवढा एक प्रश्न मी त्याला केला असता, तर तो दिवस वाचला असता. त्यानेही तो आपण होऊन सांगायला हवा होता, हे खरेच. पण तो वेगळा दोष, आणि तो वेगळ्या वाक्यात लिहावा लागेल.

म्हणून मी पत्रात शेवटी असे लिहिले : ‘द क्लर्क सजेस्टेड दॅट आय शुड गो टू गडचिरोली, बट ही डिड नॉट टेल मी दॅट अ सिग्नेचर वॉज नीडेड हिअर फर्स्ट.’ कारकुनाने मी गडचिरोलीला जावे असे सुचवले, पण आधी इथली सही लागते हे त्याने मला सांगितले नाही. एका वाक्यात दोन क्रियापदे आली, आणि प्रत्येकाने आपल्यापुरतेच काम केले. ‘टेल’ला ‘मी’ लागला, कारण सांगणे माणसाला लागते. ‘सजेस्ट’ला लागला नाही.

वाचकांपैकी कोणी म्हणेल की ‘सजेस्टेड मी टू गो’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येते आणि समजतेही. ते मान्य आहे. बसस्थानकावर कोणी असे बोलला तर त्याला अडवण्याचे कारण नाही. पण उत्तरपत्रिका, अर्ज आणि छापील मजकूर यांत प्रमाण इंग्रजी ही रचना चूक धरते, आणि तेथे गुण जातात ते आपले. शिवाय अनेकांच्या तोंडी आहे म्हणून बरोबर, ही कसोटी माझ्या वर्गमित्रांवर मी लावून पाहिलीच होती; आम्ही सर्व एकाच मराठी तक्त्यावरून चाललो होतो, म्हणून सर्वांचे एकमत झाले.

ज्याला अशीच शंका दुसऱ्या क्रियापदाविषयी येईल, त्याने याच वाटेने जावे. अर्थ न पाहता मोठ्या कोशातली उदाहरणे पाहावीत. माणसाला कर्ता करून कर्मणी वाक्य उभे राहते का ते पाहावे. आणि आपल्या मराठी वाक्यातला ‘मला’ द्वितीयेचा की चतुर्थीचा ते विचारावे. ‘एक्सप्लेन’वर ही कसोटी लावून पाहा. ‘ही एक्सप्लेन्ड मी द लेसन’ असे आमच्या वर्गात रोज कोणी ना कोणी म्हणतो. त्याने धडा समजावला, की मला?